पसाराबाई आणि बूड नसलेला चेंडू

आमच्या शाळेतल्या पहिलीच्या बाईंना मुलं पाठीमागे पसाराबाई म्हणतात, आणि खरं सांगायचं तर आम्ही शिक्षकही म्हणतो. शेजारचा दुसरीचा वर्ग माझा, त्यामुळे त्यांच्या पसाऱ्याची झळ सगळ्यात आधी मला बसते. साबणाची खोकी, दूध पावडरचे रिकामे डबे, फासे, तुटकी झाकणं, काहीही त्यांना टाकवत नाही; सगळं वर्गात आकार शिकवायला लागतं. घरी त्यांचे यजमान कुरकुरतात. "एक दिवस मलाही धुऊन पुसून वर्गात नेशील," असं ते म्हणाले, तर बाईंनी विचारलं, "कुठल्या आकाराखाली ठेवू?"

पण यंदा बाईंचा जीव टांगणीला लागला होता तो एका मुलीमुळे. ही मुलगी वर्षाच्या मध्येच आली. वर्गात तिच्या तोंडातून अक्षर फुटत नव्हतं, कागद कोरेच परत यायचे. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, म्हणाल्या, "तिला बालवर्गात बसवू. शुक्रवारचा कागद बघते आणि ठरवते." पसाराबाईंना ते मुळीच पटेना. खाली पाठवलं की पोर कायमची गप्प होईल, असं त्यांनी मला तीनतीनदा ऐकवलं.

शुक्रवारचा कागद बाईंनीच तयार केला होता. चार चित्रं: साबणाचं खोकं, डबा, फासा, चेंडू. आधी प्रत्येक वस्तूपासून तिच्या नावापर्यंत रेघ ओढायची: इष्टिकाचिती, वृत्तचिती, घन, गोल. मग खरी वस्तू रंगात बुडवून तिचा ठसा चौकटीत उमटवायचा आणि ठशाच्या आकाराचं नाव कागदाच्या तळाशी दिलेल्या नावांतून बघून लिहायचं. खोक्याचा आयत, डब्याचं वर्तुळ, फाशाचा चौरस. चेंडूपुढे बाईंनी उत्तरांच्या कागदावर घाईघाईत लिहिलं होतं, वर्तुळ.

वर्गातल्या शहाण्यांनी चेंडूला हातही लावला नाही. चित्रातला चेंडू बघून पेन्सिलीने एक वर्तुळ काढलं आणि मोकळे झाले. या मुलीने रेघा आणि बाकीचे ठसे नावांसकट बरोबर केले, पण चेंडूपाशी ती अडून बसली. चेंडू रंगात बुडवला, टेकवला, तर मसुरीएवढा ठिपका. फिरवून दुसऱ्या बाजूने टेकवला, पुन्हा ठिपका. चौकट ठिपक्यांनी भरली, चेंडूपुढची नावाची जागा मात्र कोरी राहिली.

मी हजेरीवर सही घ्यायला मोठ्या बाईंच्या खोलीत होते, तेव्हा पसाराबाई तो कागद, तो चेंडू आणि त्या मुलीला घेऊन आत आल्या. मोठ्या बाईंनी कागद बघितला.

"रेघा आणि नावं शेजारच्याचं बघूनही उतरवता येतात. आणि हा काय चिखल? उत्तर वर्तुळ. तुम्हीच लिहिलंय ना?"

"लिहिलंय, आणि माझंच चुकलंय," पसाराबाई म्हणाल्या. त्यांनी टेबलावरच्या शिक्क्याच्या पॅडवर चेंडू दाबला आणि रद्दी कागदावर टेकवला. ठिपका. "बघा की. सगळा वर्ग माझी चूक गिरवतोय आणि एकट्या हिनेच करून बघितलं."

मोठ्या बाई सहजासहजी ऐकणाऱ्यांतल्या नव्हेत. मुलीला बालवर्गात पाठवण्याचा कागद त्यांनी आधीच टाइप करून ठेवला होता, त्यावर काचेचं पेपरवेट होतं. "मग हिने तिथे काहीच का नाही लिहिलं? हिला विचारलं तर सांगेल का?" असं म्हणून त्यांनी मुलीकडे बघितलं. "काय गं? का नाही लिहिलंस?"

मुलीने टेबलावरचा चेंडू उचलून खालून चाचपला. मला वाटलं, संपलं सगळं. पसाराबाईंनी माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

"त्याला बूड नाही," मुलगी म्हणाली.

आवाज इतका बारीक होता की आम्ही तिघीही पुढे वाकलो. मुलीला वाटलं, आम्हाला कळलंच नाही. मग तिने हात लांब करून ते पेपरवेट उचललं, वरून गोलगरगरीत, उलटं करून बघितलं, पॅडवर दाबलं आणि समोरच्या कागदावर, टाइप केलेल्या ओळींच्या बरोबर मधोमध, ठक्कन टेकवलं. जांभळं, भरलेलं, गरगरीत वर्तुळ.

"याला आहे," ती म्हणाली. या वेळी चांगलं मोठ्याने.

मी घाबरून मोठ्या बाईंकडे बघितलं. एरवी नाकावर राग असलेल्या त्या बाईंनी चष्मा काढला आणि खुदकन हसल्या. मला तर रडूच आलं.

"खराब कागदावर मी सही करत नाही," असं म्हणून त्यांनी तो कागद फाडून टोपलीत टाकला. "आणि दुसरा टाइप करायला मला वेळ नाही. जा, वर्गात जा."

सोमवारी पसाराबाईंनी अख्ख्या वर्गासमोर आपलं उत्तर लाल पेनने खोडलं आणि प्रत्येकाला चेंडू टेकवायला लावला. मुलगी पहिल्या बाकावर होती. भिंतीपलीकडून मला तिचा आवाज ऐकू येत होता, कुणाला तरी ओरडत होती, "अरे, पेन्सिलीने नाही, टेकवून बघ!"