फकीर मोहम्मदची कॉइल

मलकापूरच्या एका पॉलिटेक्निकच्या इलेक्ट्रिकल लॅबमध्ये फकीर मोहम्मद एकोणीस वर्षांपासून लॅब असिस्टंट आहेत. त्याआधी ते मोटर रिवाइंडिंग करत. तारेची सवय हातातून जात नाही. कॉलेजने मागवलेल्या कॉइल तीन वर्षांत आल्या नाहीत, तेव्हा त्यांनी स्वतःच बारा गुंडाळल्या आणि प्रत्येकीवर लाल रंगाने ‘१०० मिलीहेन्री’ लिहिलं. अक्षर सुरेख होतं. लिहिलं नाही ते एवढंच, की तार पंख्याच्या मोटरमधून उरलेली, केसासारखी बारीक होती. तसं कुणी विचारलंही नाही.

त्या कॉइलवरचा सातवा प्रयोग प्रसिद्ध होता. कॉइल, रेझिस्टन्स आणि कपॅसिटर एकापुढे एक जोडायचे, जनरेटरने व्होल्टेज एकदम द्यायचं आणि कपॅसिटर कसा भरतो त्याची रेघ सीआरओच्या, म्हणजे ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर बघायची. इंडक्टन्सला कपॅसिटन्सने भागून वर्गमूळ काढायचं आणि दुप्पट करायचं. सर्किटचा एकूण रेझिस्टन्स त्याहून कमी असला तर रेघ वर डोकं काढून डुलते. जास्त असला तर रेंगाळत वर चढते, ते ओव्हरडॅम्प्ड. नेमका तेवढाच असला तर क्रिटिकली डॅम्प्ड: न डुलता जितकं लवकर पोचता येईल तितकं. शंभर मिलीहेन्री आणि पॉइंट वन मायक्रोफॅरडला उत्तर येतं दोन हजार ओहम. डिकेड बॉक्सवर, म्हणजे हवा तो रेझिस्टन्स लावता येणाऱ्या पेटीवर, दोन हजार लावायचे आणि जर्नलमध्ये ‘क्रिटिकल’ लिहायचं, ही रीत सीनियरच्या जर्नलमधून ज्युनियरच्या जर्नलमध्ये चालत आली होती. फकीरचाचांनीही ती मोडली नव्हती. चालत्या गाडीला कोण हात दाखवतो.

यंदाच्या प्रॅक्टिकल परीक्षेत गुलनाजला हाच प्रयोग आला आणि तिने डिकेड बॉक्स एक हजार पाचशे सत्तरवर ठेवला.

बाहेरून आलेले परीक्षक देवानंद सर सभ्य गृहस्थ होते, पण सकाळपासून सोळा पोरांनी त्यांना दोन हजारच सांगितले होते. त्यांनी विचारलं, हा आकडा कुठून आणला? गुलनाज म्हणाली, तिने आधी मल्टिमीटरने कॉइल मोजली, तीनशे ऐंशी ओहम आले. जनरेटरचे स्वतःचे पन्नास. दोन हजारातून तेवढे वजा केले.

‘‘कॉइलला असेल पाच-दहा ओहम. तुमचं मीटर बिघडलंय,’’ सर म्हणाले, आणि पेन मार्कांच्या कागदाकडे गेलं.

मार्कांचा प्रश्न साधा नव्हता. इथे नापास म्हणजे डिप्लोमानंतर डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला मिळणारा प्रवेश या साली गेलाच. गुलनाज ओढणीचं टोक बोटाभोवती गुंडाळत राहिली. फकीरचाचा कपाटापाशी उभे होते. मीटर चांगलं होतं, हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. पण सांगायचं म्हणजे इतक्या वर्षांची सुंदर अक्षरं अर्धीच खरी होती, हेही सांगावं लागणार.

‘‘सर,’’ ते पुढे येऊन म्हणाले, ‘‘ते कॉइल म्या गुंडायली. तार लय बारीक आहे, तिचाच रेझिस्टन्स तेवढा. पोरगी बरोबर सांगून राह्यली.’’

सरांनी चष्मा काढला. ‘‘मग इतकी वर्षं?’’

‘‘इतकी वर्षं कोणी मोजलीच नाही, सर.’’

सर शिक्षक होते, म्हणून भांडले नाहीत, मोजायला बसले. क्रिटिकल असेल तर या कॉइल-कपॅसिटरवर रेघ नव्वद टक्क्यांपर्यंत पॉइंट थ्री नाइन मिलिसेकंदात पोचली पाहिजे. पडद्यावरचं एक घर पॉइंट वनचं. त्यांनी आधी बॉक्सवर दोन हजार लावले. रेघ निवांत चढली आणि पाचव्या घरावर नव्वदला टेकली. एकूण रेझिस्टन्स दोन हजार चारशे तीस, म्हणजे ओव्हरडॅम्प्ड. मग गुलनाजचे एक हजार पाचशे सत्तर लावले. रेघ चौथं घर पुरं व्हायच्या जरा आधीच पोचली, आणि वर डोकंही काढलं नाही.

सरांनी मार्कांचा कागद पुन्हा पुढे ओढला. सकाळच्या सोळांचं काय करायचं, हा विचार त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट वाचता येत होता. शेवटी त्या सोळांना गणिताचे मार्क ठेवले, निष्कर्षाचे कापले. गुलनाजला पंचवीसपैकी तेवीस दिले. दोन काऊन कापले, असं फकीरचाचांनी अदबीने विचारलं, तर म्हणाले, तिने सर्किटच्या आकृतीत कॉइलचा रेझिस्टन्स काढलाच नाही. मोजला, वजा केला, पण चित्रात विसरली.

सर जेवायला गेल्यावर गुलनाजने चाचांना विचारलं, त्यांनी तेव्हा जाड तार का नाही घेतली.

‘‘जाड घेतली असती तर कॉइल घागरीएवढी झाली असती,’’ चाचा म्हणाले, ‘‘अन् तुले आज कोणी ओयखलं नसतं. जाय, चहा पी.’’

मग त्यांनी रंगाची डबी शोधली, बारा कॉइल टेबलावर ओळीने मांडल्या आणि मीटर घेऊन पहिलीपासून मोजायला लागले. एक तीनशे दहा निघाली, एक चारशे वीस. कुठलीच दुसरीसारखी नव्हती. आता एकाचा आकडा दुसऱ्याच्या जर्नलमध्ये चालणार नव्हता. ते मनापासून खूश झाले.