कोरड्या आट्यांसाठी

काका गेल्याचं काकूंनी फोनवर सांगितलं. आवाज नेहमीचाच होता, येताना भाजी आण म्हणावं तसा. "अगं, काका गेले. सकाळी. दात घासता घासता." ती "बरं" म्हणाली. फोन ठेवून तिनं समोरच्या पानावरचं अर्धं राहिलेलं वाक्य पूर्ण केलं. पूर्णविरामही दिला. मग तिला कळलं.

काका तिचे कुणी नातेवाईक नव्हते. गल्लीच्या टोकाला त्यांचं वर्कशॉप होतं, त्याच्याच मागे घर. एक लेथ, एक ड्रिलिंग मशीन, एक लांब बाक, आणि भिंतीवर मोठ्यापासून छोट्यापर्यंत ओळीनं टांगलेले पाने. चाळीस वर्षं लोक तिथं बिघडलेली मशीनं आणत आणि काका त्यांना कान लावून रोग सांगत. उजव्या अंगठ्याचं नख त्यांनी वाढवलं होतं. ते धातूवरून फिरवलं की पृष्ठभाग किती गुळगुळीत आहे ते त्यांना कळायचं. गल्लीत त्यांना 'नखवाले काका' म्हणत.

गेल्या वर्षी एक जुनं ग्राइंडिंग मशीन दुरुस्तीला आलं, सोबत परदेशी भाषेतला कॅटलॉग. तोवर असला कॅटलॉग आला की काका तो वजन म्हणून कागदांवर ठेवत. या वेळी म्हणाले, हा मला मराठीत पाहिजे. ती साहित्य शिकलेली, भाषांतरावर पोट भरणारी. काकूंनी तिला शोधून आणलं.

"इतकी वर्षं वाचल्याशिवाय भागलं," काकू म्हणाल्या. "आता म्हातारपणी शाळेत नाव घातलंय."

"शिकायला वय लागत नाही."

"वय नाही लागत. कारण लागतं."

काका चष्मा पुसत राहिले.

रोज दुपारी ती चार-पाच पानं घेऊन यायची. ती शब्द सांगायची, काका अर्थ सांगायचे. एका दांड्यापुढे लिहिलं होतं चाळीस मिलिमीटर, वर अधिक तेरा, खाली अधिक दोन.

"तेरा काय?" तिनं विचारलं.

"मिलिमीटरचा हजारावा भाग, असे तेरा. तुझ्या डोक्यावरचा एक केस उभा चिरून पाच फाकी कर. त्यातली एक."

"आणि दोन?"

"त्या फाकीचंही पीठ." ते हसले. "पण गंमत बघ पंडितबाई, दोन्हीकडे अधिकच आहे. म्हणजे दांडा चाळीसपेक्षा नेहमी कणभर जाडच हवा. बेअरिंगचं भोक चाळीस, किंवा त्याहून कणभर कमी. मग ते दांड्यावर घट्ट बसतं, त्यावर फिरत नाही. उणे असतं तर सैल संसार."

"आमच्याकडे बघून बोलू नका," आतून काकू म्हणाल्या.

पुढच्या आठवड्यात पृष्ठभागाच्या खुणांचं पान आलं. छोटी टोकदार खूण आणि शेजारी आकडा. बेअरिंग बसतं तिथं शून्य पूर्णांक आठ, बाहेरच्या बाजूला तीन पूर्णांक दोन. आकडा जितका लहान तितका पृष्ठभाग गुळगुळीत, काकांनी समजावलं. काकांकडे नमुन्यांची एक धातूची पट्टी होती. प्रत्येक चौकोन वेगळ्या गुळगुळीतपणाचा, खाली आकडा कोरलेला. तिनं आकडे बोटानं झाकले.

"ओळखा, काका. परीक्षा."

काकांनी नख फिरवलं. पुन्हा फिरवलं. "शून्य आठ."

तिनं बोट काढलं. तीन पूर्णांक दोन. नख नसलेल्या तिच्या बोटालाही त्या चौकोनाच्या रेघा लागत होत्या.

"प्रकाश कमी आहे," काका म्हणाले.

नखाला प्रकाश कशाला लागतो, हे तिनं विचारलं नाही. त्या दिवसापासून ती बघू लागली. चहाचा कप ते तळव्यानं धरत. खाली पडलेला वॉशर उचलताना डोळ्यांनी बोटांना वाट दाखवत. बोटं मुकी झाली होती. म्हणून तर आकडे हवे होते. हे एक मशीन आपल्या हातांनी जोडायचं, मग कुलूप लावायचं, एवढंच त्यांचं मागणं होतं. ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि तिनं कधी वदवून घेतलं नाही.

स्पिंडलच्या, म्हणजे मशीनच्या फिरत्या दांड्याच्या, टोपीला चार बोल्ट होते. किती जोर लावून आवळायचे त्याचा तक्ता तिनं आदल्या दिवशी वाचून दाखवला होता. "बारा मिलिमीटरचा बोल्ट, पंच्याऐंशी न्यूटन मीटर." काकांनी भिंतीवर खडूनं ८५ लिहिलं. तक्त्याखाली बारीक अक्षरात एक टीप होती. तिचं भाषांतर तिनं केलं होतं, पण वाचायची राहिली. काकूंनी चहा आणला आणि पान उलटलं गेलं.

काकांनी बोल्टच्या आट्यांना तेल लावलं. चाळीस वर्षं ते लावतच आले होते. आकडा लावता येतो असा पाना त्यांनी नवा घेतला होता. ठरलेला जोर आला की तो टक् करतो. पहिला बोल्ट, टक्. दुसरा, टक्. तिसरा, टक्. चौथ्याला पाना फिरत राहिला. टक् आलं नाही. काका वाट बघत होते. आणखी थोडा. मग कटकन आवाज झाला आणि बोल्टचं डोकं पान्यात राहिलं.

तिनं कॅटलॉग उघडला. टीप तिच्याच अक्षरात होती. 'वरील मूल्ये कोरड्या आट्यांसाठी. तेल लावल्यास पाव हिश्श्याने कमी करावीत.'

"काका, माझी चूक झाली. हे वाचायला हवं होतं."

काकांनी टीप दोनदा वाचली. "बरोबर आहे. तेलानं घर्षण कमी होतं. तोच जोर बोल्टला जास्त ताणतो." तुटका बोल्ट त्यांनी उजेडात धरला. मानेपाशी तो बारीक झाला होता, ओढलेल्या मेणासारखा. "तुझी चूक टिपेची. पण ताणलेला बोल्ट तुटण्याआधी हातात मऊ लागतो, पोरी. पाना एकदम हलका होतो. शिकाऊ माणसालाही कळतं." त्यांनी बोल्ट बाकावर ठेवला. "मी टक् ऐकत बसलो."

इतकंच. पुन्हा त्यावर बोलणं झालं नाही.

अडकलेल्या तुकड्यात भोक पाडून त्यांनी तो उलट्या आट्याच्या हत्यारानं फिरवून बाहेर काढला. उरलेले तीनही ताणले गेले असणार म्हणून चारही बोल्ट नवे आणले. भिंतीवरचं ८५ खोडून ६४ लिहिलं. या वेळी टिपेसकट सगळं पान ती मोठ्यानं वाचत राहिली. काका एकेक बोल्ट समोरासमोरच्या क्रमानं आवळत गेले. चार वेळा टक्.

मशीन सुरू झालं. काकांनी दांडा किती डगमगतो ते मोजणारा डायल लावला होता, आधी हातानं स्पिंडल फिरवून काटा बघितला होता. काटा जवळजवळ हललाच नव्हता. तरी त्यांनी चालू मशीनच्या अंगावर तळवा ठेवला, नेहमी ठेवत तसा. बराच वेळ ठेवला.

"तू ठेव."

तिनं ठेवला. लोखंड कोमट होतं.

"थरथरतंय?"

"नाही काका. मांजर झोपल्यासारखं वाटतंय."

"मग ठीक," ते म्हणाले आणि हात पुसू लागले. तेव्हा तिला दिसलं, अंगठ्याचं नख कापलेलं होतं.

मशीन मालकाकडे परत गेलं. नंतर वर्कशॉप उघडलं नाही.

फोननंतर ती गेली तेव्हा काकू बाकाशेजारी बसल्या होत्या. भिंतीवर ६४ तसंच होतं. शेजारचे लोक बाहेर बोलत होते. काकूंनी तिला जवळ बसवलं.

"त्यांच्या बोटांना काही कळत नव्हतं. वर्ष झालं असेल. तुला ठाऊक होतं?"

"हो."

"मलाही," काकू म्हणाल्या. "शर्टाची बटणं मीच लावायची. घाई आहे म्हणायचे. मीही म्हणायची, हो, उशीर झालाय."