चटणीचा व्हिडिओ

आमच्याकडं चटणी म्हणजे वर्षाची कांदा-लसूण चटणी. उन्हाळ्यात करायची, बरणीत दाबून भरायची आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत पुरवायची. ज्या घराची चटणी बिघडली त्या घराच्या बाईचं वर्षभर काही खरं नसतं. कालवण कितीही चांगलं करा, जेवणारा पहिल्या घासाला गप्प बसतो आणि त्या गप्प बसण्यातच सगळं येतं.

सासूबाई असेपर्यंत ती काळजी मला नव्हती. प्रमाण त्यांच्या हातात होतं आणि माझ्याकडं फक्त भाजणं. त्यांनी सांगितलं नाही असं मी सगळ्यांना सांगत आले, पण मी कधी विचारलंही नव्हतं. त्या गेल्यावर पहिल्या साली माझी चटणी कडू झाली. दुसऱ्या साली, म्हणजे गेल्या उन्हाळ्यात, मी मोबाइलवर एका अनोळखी बाईचा व्हिडिओ बघून केली. तिचा चेहरा दिसत नव्हता, नुसते हिरव्या बांगड्यांचे हात. किलोला खोबरं किती, धणे किती, मीठ कधी, सगळं ती नीट सांगायची.

चटणी फक्कड झाली. गडहिंग्लजच्या नणंदबाईंनी बोट लावून चव घेतली आणि डोळ्यांना पदर लावला. "वहिनी, आईच्या हातची चव उतरली की तुमच्या हातात." मी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला.

त्याच दिवशी घात होता होता टळला. मुलानं माझ्या नावाचं खातं काढून दिलं होतं आणि तेच टीव्हीलाही जोडलं होतं. संध्याकाळी नणंदबाईंनी टीव्ही लावला, तर पडद्यावर मिरच्यांचे ढीगच्या ढीग. मी एक चटणीचा व्हिडिओ बघितला म्हणून ॲपनं मला आणखी दहा सुचवले होते. "आता टीव्हीवर बी चटणीच," एवढं म्हणून त्या हसल्या. मी मोरीत जाऊन मोबाइल काढला. बघितलेल्या व्हिडिओंच्या यादीतून तो एक काढून टाकला आणि वरच्या तीन टिंबांत शिरून इतिहास साठवणंच बंद करून टाकलं. त्यानंतर चटणीचा उरलेला घाणा करताना तोच व्हिडिओ चार वेळा बघितला. शोधून काढायचा, बघायचा, मिटायचा. प्रमाण कागदावर लिहिलं नाही, कारण कागद कुणाच्या तरी हाताला लागतो.

मग दिवाळीनंतर सून आली. हातकणंगल्याची, एका पतसंस्थेत कामाला, बोलायला कमी. आणि मी काय बंद करून ठेवलंय हे विसरूनच गेले. आमचे हे अधूनमधून टीव्हीवर चिडायचे, अर्धवट बघितलेलं कीर्तन दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून लागतं म्हणून. त्यांनी केबलवाल्यालासुद्धा दोन शब्द सुनावले. त्याचा आणि माझ्या उद्योगाचा काही संबंध असेल हे माझ्या ध्यानातही आलं नाही.

या उन्हाळ्यात नणंदबाई संकेश्वरी मिरची पोत्यात घालून एसटीनं आल्या. त्यांच्या घरची चटणीही मीच करायची ठरलं होतं. मिरच्या निवडून झाल्या, उन्हं दिली, कांदा चिरून झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी डंकावर, म्हणजे मसाल्याच्या गिरणीत, कुटायचा नंबर लागला होता. खोबरं किती किसायचं, असं त्यांनी विचारलं आणि मी "आले हं" म्हणून मोबाइल घेऊन आतल्या खोलीत गेले.

यादी उघडली. तो व्हिडिओ नव्हता. खाली खाली गेले तरी नाही. नाव लिहून शोधावं तर बाईच्या चॅनेलचं नाव आठवेना, आणि चटणी म्हटल्यावर इतके व्हिडिओ आले की सगळेच हात सारखे वाटायला लागले. मग मला राग आला, आणि माझा राग नेहमी जवळच्या माणसाकडं जातो.

मी बाहेर येऊन सुनेला म्हटलं, "माझ्या मोबाइलला हात लावलतास काय? माझं भजन बघितलेलं सगळं गायब झालंय. नसत्या ठिकाणी बोटं दाबायची सवय वाईट."

नणंदबाई विळीवर बसून ऐकत होत्या. सुनेनं हात पुसून मोबाइल घेतला.

"आत्ती, आधी खातं बघूया. दुसऱ्या खात्यावर बघितलं असलं तर या यादीत येत न्हाय." खातं माझंच होतं. "टोपी-चष्म्याचं चित्र असतं तसल्या गुप्त खिडकीत बघितलं असलं तरी उरत न्हाय." तसंही नव्हतं. मग ती इतिहासाच्या पानावर गेली, तीन टिंबं दाबली. "हितं 'बंद करा' असं आलं की समजायचं चालू हाय. तुमच्यात 'चालू करा' आलंय. म्हंजे बंद हाय. बंद असताना बघितलेलं कुठंच नोंद होत न्हाय, आणि आता चालू केलं तरी मागचं परत येत न्हाय."

"बघ, म्हंजे कुणीतरी बंद केलंच की," मी म्हणाले. अजून माझा आवाज चढलेलाच होता.

तिनं यादी खाली सरकवली. सगळ्यात वरची नोंद गेल्या उन्हाळ्यातली होती. त्याच्या पुढं काही नाही. ती तारखेवर थांबली, मीही बघितली. नणंदबाई चटणीला आल्या होत्या तो दिवस. त्या दिवशी या पोरीचं आमच्या घरात स्थळही आलेलं नव्हतं.

तिला कळलं. ते मला तिच्या बोटावरून कळलं, कारण तिनं पान पटकन मिटलं. मग वळून नणंदबाईंना ऐकू जाईल असं म्हणाली, "माझ्याच हातनं चुकून दाबलं गेलं असंल, आत्ती. चालू करून देते."

आयुष्यात मला कुणी कानफटात मारली असती तरी इतकं लागलं नसतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे मी ते तसंच राहू दिलं. "असू दे, पुढं ध्यान ठेव," असंसुद्धा म्हणाले. ते शब्द माझ्याच तोंडातून गेले.

ती मोबाइल देऊन कांदा परतायला गेली. पाठमोरी. मला त्या पाठीकडं बघवेना.

"वन्सं," मी म्हणाले, "ते मीच बंद केलतं. भजन बिजन काय न्हाय. आत्तींचं, तुमच्या आईचं प्रमाण मला येत न्हाय. गेल्या साली व्हिडिओ बघून केली."

नणंदबाईंची विळी थांबली. त्यांनी हातातली खोबऱ्याची वाटी खाली ठेवली.

"म्हंजे मी रडले ते कुणाच्या चटणीला?"

सुनेनंच परत मोबाइल मागून घेतला आणि हळूहळू शोधत हिरव्या बांगड्यांचे हात काढून दिले. चटणी तिघींनी मिळून केली. चांगली झाली. नणंदबाई डबा घेऊन गेल्या आणि पोचल्यावर फोन केला. "चव हाय, वहिनी. पर आईची न्हाय." गेल्या सालची चव आणि ही चव एकच होती.

इतिहास आता चालू आहे. टीव्ही लावला की मिरच्या येतात आणि हे कीर्तन जिथं सोडलं तिथून बघतात. सुनेची माफी मी मागितली, तर "असू दे की आत्ती" म्हणून ती कामाला लागली. त्यानंतर तिच्या माहेरी डबा पाठवताना ती फोनवर आईला सांगत होती, "आमच्या आत्तींच्या हातची हाय." मी स्वयंपाकघरात होते. ती मला ऐकू जावं म्हणून बोलत नव्हती.