पुढे तीन टिंबं

ऑफिसात तिला सगळे पंडितबाई म्हणत, आणि खोटं कशाला बोला, तिला ते आवडायचं. इंग्रजी ॲपं मराठीत आणायचं तिचं काम. एका रकान्यात इंग्रजी ओळ यायची, शेजारच्या रकान्यात ही मराठी लिहायची. काही ओळींत महिरपी कंसात एखादा शब्द असायचा. त्या जागी ॲप ज्याचं त्याचं नाव किंवा तारीख आणून बसवतं, म्हणून त्याला हात लावायचा नाही. चुकून लावलाच तर ओळ लाल व्हायची आणि कामच अडायचं. मजकूर जागेपेक्षा लांब झाला तर मात्र ओळ नुसती पिवळी व्हायची. लालला ती मान द्यायची. पिवळ्याला हिंग लावून विचारायची नाही.

एका इस्पितळाचं ॲप आलं. ऑपरेशनची तारीख जवळ आली की पेशंटला दोन बटणं दिसायची. इंग्रजीत एकेकच शब्द. हिने लिहिलं, 'माझी वेळ कायम ठेवा' आणि 'माझी वेळ रद्द करा'. दोन्ही ओळी पिवळ्या झाल्या.

शेजारचा प्रोग्रामर म्हणाला, "पंडितबाई, जरा आखूड करा. 'ठेवा' आणि 'रद्द करा', संपलं."

"नुसतं 'ठेवा'? काय ठेवा, कुठे ठेवा? मराठी काय कात्रीने कापायची?"

"बरं, निदान फोनवर बघून घ्या. अक्षरं मोठी करून."

हो म्हणाली. बघितलं नाही. पिवळ्या इशाऱ्यावर 'दुर्लक्ष करा' दाबून मोकळी झाली. हाताशी कामं फार होती, हे कारण तिने पुढे स्वतःला पुष्कळदा देऊन पाहिलं, पण ते काही पटलं नाही.

तिच्या आत्याला मोतीबिंदू होता. ऑपरेशनसाठी बिचारी कितीतरी महिने रांगेत होती. नेमकं हेच इस्पितळ, हेच ॲप. "मराठी माझ्या भाचीने केलंय, आता माझं मी बघते," असं तिने घरात ठणकावून सांगितलं होतं. आणि एके दिवशी आतेभावाचा फोन आला.

"आई इस्पितळातून तशीच परत आलीय. तिनेच वेळ रद्द केली म्हणे. आता पुन्हा रांगेच्या शेवटी. हजारदा सांगितलं होतं, फोनशी खेळू नकोस."

ती तडक गेली. आत्या पलंगावर बसली होती. टॉवेल आणि कपडे भरलेली पिशवी अजून उशाशीच होती.

"ये गं. माझंच चुकलं," आत्या म्हणाली. "डोळ्यांनी दगा दिला. पण बटण दाबल्यावर मेसेज तर आला होता. माझं नाव होतं, तारीख होती. मला वाटलं, झालं पक्कं."

भाचीने मेसेज बघितला. वरच्या पट्टीत आत्याचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, मग तारीख, आणि पुढे तीन टिंबं. 'रद्द झाली आहे' हे त्या टिंबांच्या पलीकडे राहिलं होतं. ही ओळही तिचीच. लिहिताना कंसात किती लांब नाव येऊन बसेल, याचा विचार तिने केलाच नव्हता.

"आता रक्त तपासायचंय, त्यालाही ॲप तेच विचारतंय," आत्या म्हणाली. "तू दाब बाई. मला आता भीती वाटते."

पडद्यावर भलीमोठी अक्षरं होती आणि दोन बटणं. 'माझी वेळ…' आणि 'माझी वेळ…'.

ती बघतच राहिली. कुठलं ठेवायचं आणि कुठलं रद्द करायचं, ते तिलाही कळेना. तिने सेटिंगमध्ये जाऊन अक्षरं लहान केली, तेव्हा बटणं पूर्ण वाचता आली. पण आता ती आत्याला दिसेनात. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने योग्य ते बटण दाबलं आणि फोन खाली ठेवला.

"आत्या, हे मी लिहिलंय."

"माहितेय की. म्हणून तर तुला विचारलं."

"तसं नाही गं." मग तिने पिवळ्या ओळी, प्रोग्रामरचं बोलणं, न बघितलेला फोन, सगळं सांगितलं. मान वर करवत नव्हती. तुझी नवी तारीख लवकर मिळावी म्हणून इस्पितळाशी बोलते, बटणं उद्याच बदलते, असंही म्हणाली. बोलताना तिचं तिलाच ते तोकडं वाटलं.

आत्याने फोन उचलून डोळ्यांजवळ धरला.

"म्हणजे मी नीट वाचलं होतं?"

"नीट वाचलं होतंस."

"दोन्ही सारखीच होती?"

"सारखीच होती."

आत्याने पदराने डोळे पुसले. सकाळपासून घरातल्या प्रत्येकाने तिला ऐकवलं होतं, आणि तिने मुकाट्याने ऐकून घेतलं होतं. तिने आतल्या खोलीकडे तोंड करून मुलाला हाक मारली, सुनेलाही मारली.

"इकडे या दोघं. ही काय सांगते ते ऐका."

दोघं येऊन दारात उभी राहिली. पंडितबाईंना ते सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागलं.