हलक्या कामासाठी योग्य

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाकडे धरला आणि म्हणाले, "ताई, हाड जुळलंय."

मी इतक्या जोरात "खरंच?" म्हणाले, की बाहेर बाकावर बसलेला माझा नवरा आत डोकावला.

कोथरूडला एका इमारतीवर आम्ही दोघं कामाला होतो. तो गवंडी, मी घमेलं वाहायची. जिन्यात पाय घसरून माझ्या नडगीचं हाड मोडलं, ऑपरेशन करून आत सळई घातली. मग कित्येक महिने घरात बसून जीव नुसता विटला होता.

डॉक्टरांनी मला काठीशिवाय चालायला लावलं, मोडलेल्या एका पायावर उभं केलं. "कामावर नक्की काय करता?"

"सिमेंट, वाळू, विटा डोक्यावर घेऊन जिना चढते."

ते लिहू लागले, आणि लिहिता लिहिता त्यांनी वाचून दाखवलं. हलक्या कामासाठी योग्य. दहा किलोपेक्षा जास्त ओझं नको. शिडीवर किंवा परांचीवर चढणं नको. सारखा जिना नको, उकिडवं बसणं नको, मधून मधून बसायला मिळावं. दीड महिन्यानं नवा एक्स-रे काढून फेरतपासणी. तिची तारीखही घातली.

"डॉक्टर, नुसतं 'फिट' लिहा ना. एवढं वाचून ठेकेदार घ्यायचा नाही."

"नुसतं 'फिट' लिहिलं, तर उद्याच घमेलं डोक्यावर येईल. हाड जुळलंय, पण अजून पक्कं व्हायचंय."

दुसऱ्या दिवशी कागद घेऊन साईटवर गेले. ठेकेदारानं कागद वाचला. "हलकं काम? इथं काय फुलं वेचायची आहेत?"

मी कागद परत घ्यायला हात पुढे केला. तेवढ्यात सुरक्षेचं काम पाहणाऱ्या मॅडमनी कागद मागून घेतला. "हे बरं झालं. काय करायचं नाही ते स्पष्ट लिहिलंय. नुसतं 'फिट' असतं, तर मीच आधी खुलासा आणायला पाठवलं असतं. स्टोअरमध्ये हेल्मेट आणि कमरेचे सुरक्षा-पट्टे द्यायला माणूस हवाच आहे. खुर्ची आहे, जिना नाही."

ठेकेदार पुटपुटला, "बघा मग तुम्हीच."

मी पहिलं हेल्मेट माझ्याच नवऱ्याच्या हातात दिलं. "हनुवटीखालचा पट्टा लाव नीट," मी दरडावलं, आणि मागच्या बायका खो खो हसल्या. मला तर नाचावंसं वाटत होतं.

फेरतपासणीला डॉक्टर खूश होते. जिना चढायला हरकत नाही, ओझं थोडं वाढवा, परांची मात्र पुढच्या तपासणीपर्यंत नाही, असा नवा कागद त्यांनी दिला. तो मॅडमना दाखवला आणि जेवणाच्या सुट्टीत, कठडा धरून, मी चौथ्या मजल्यावर गेले. नवरा गिलावा करत होता. मला पाहून थापी हातात तशीच राहिली.

"अगं, तू? वर?"

"लेखी परवानगी आहे," मी म्हणाले. धाप लागली होती, पण हसू थांबत नव्हतं.