परत न मिळणाऱ्या दराची खोली

सुट्टी गुरुवारी आली की जगाला आनंद होतो आणि रिसेप्शनच्या ताईंच्या कानाचा फोन खाली ठेवला जात नाही. शुक्रवारची एक रजा टाकली की लोकांची सलग चार दिवसांची सुट्टी होते. मग सगळ्या शहराला एकाच वेळी तळ्याकाठी यायचं असतं, आणि रिसॉर्टला खोल्या तेवढ्याच राहतात: बागेकडच्या सहा, तळ्याकडच्या चार आणि मागच्या अंगाला दोन कौटुंबिक कॉटेज. खोल्या काही रबराच्या नाहीत, हे ताईंनी आयुष्यभर फोनवर गोड आवाजात लोकांना समजावलं.

त्या कामाला लागल्या तेव्हा ऑफर म्हणजे फाटकावरचा फळा होता. मोठे मालक स्वतः खडूने लिहायचे, 'तीन रात्री राहा, नाश्ता आणि रात्रीचं जेवण आमच्याकडे'. पावसाने अक्षरं पुसली की नवा दर लिहायचे, आणि तो कधीकधी जुन्याहून कमी असायचा, कारण जुना त्यांना आठवायचा नाही. बुकिंग म्हणजे फोन, आणि फोन म्हणजे ताईंचा शब्द. आगाऊ पैसे कुणी मागत नसे. 'येतो' म्हणणारा यायचा. आला नाही तर पुढच्या वेळी स्वतःच ओशाळून खोलीचे पैसे देऊ करायचा. किती सरळ दिवस होते ते!

आता मोठे मालक नाहीत. धाकट्या मालकीणबाई कारभार बघतात आणि चांगला बघतात, हे ताईही मान्य करतात, जरा नाक मुरडून. जोडून आलेल्या सुट्ट्यांना कमीत कमी तीन रात्री घ्यायच्याच. दर दोन. साधा दर घेतला तर येण्याच्या सात दिवस आधीपर्यंत बुकिंग रद्द करता येतं, सगळे पैसे परत. त्यानंतर पहिल्या रात्रीचे कापले जातात. दुसरा दर स्वस्त, पण एकदा भरले की रद्द करा, येऊ नका, काहीही करा, पैसे परत नाहीत. दुपारच्या जेवणाचे पैसे दोन्हींत वेगळे. या अटींची भाषा ताईंनीच घासूनपुसून लिहिली होती. 'परत नाहीत' हे शब्द मात्र त्यांना लिहिताना बोचले.

महिनाअखेरीला ताई निवृत्त होणार होत्या. यंदाची अशीच गुरुवारची लांबलचक सुट्टी नेमकी त्याच्या पुढच्याच आठवड्यात. "मी येईन हो मदतीला," त्यांनी आधीच सांगून टाकलं होतं. मालकीणबाई नुसत्या हसल्या होत्या.

आणि शेवटच्या आठवड्यात ताईंच्या हातून घोळ झाला. तळ्याकडच्या कोपऱ्यातली नऊ नंबरची खोली या सुट्टीला दरवर्षी बँकवाल्या साहेबांची. साहेब निवृत्त होऊन जमाना लोटला, पण नाव तेच राहिलं. त्यांनी उन्हाळ्यातच फोन केला होता आणि ताई म्हणाल्या होत्या, "तुमची खोली तुमचीच." शब्द दिला, पण कॉम्प्युटरमध्ये खोली बंद करायची राहिली. शब्द दिला की खोली गेली, अशीच त्यांची सवय. वेबसाइटला बिचारीला काय माहीत? तिने नऊ नंबर विकून टाकली. दोन माणसं, तीन रात्री, परत न मिळणारा दर, पैसे जमा. बुकिंग कुठल्याशा कंपनीच्या नावावर होतं, खाली एक अनोळखी नंबर.

तळ्याकडच्या बाकी तिन्ही खोल्या गेलेल्या. बागेकडची एक तेवढी शिल्लक होती. ताईंनी मनाशी ठरवलं, साहेबांना द्यायची ती त्यांनाच द्यायची आणि या कंपनीवाल्यांना बागेकडे वळवायचं. दरातला फरक परत, वर दुपारची जेवणं फुकट. असे कितीतरी लोक त्यांनी आजवर वळवले होते, आणि जाताना तेच लोक आभार मानून गेले होते. त्यांनी गळा साफ करून नंबर फिरवला.

"नमस्कार, मी रिसॉर्टमधून बोलतेय. आपल्या नऊ नंबरच्या खोलीबद्दल जरा विनंती होती..."

पलीकडून नुसता प्रिंटरचा खडखडाट आला.

"हॅलो? ऐकू येतंय ना? बागेकडची खोलीही छान आहे हो, उलट सकाळी..."

"उलट सकाळी पक्षी जास्त येतात," पलीकडून आवाज आला. "माहीत आहे मला. आई, तू हे वाक्य अजून वापरतेस?"

लेक होती! नंबर तिच्या नव्या ऑफिसातला, कंपनीही तीच.

"तू... तू का बुक केलंस?"

"आपल्यासाठी. तुझ्यामाझ्यासाठी. मालकीणबाईंना माहीत आहे. तुला आयत्या वेळी सांगणार होते."

ताईंनी समोर बघितलं. समोरच्याच बाकावर ही पोर गृहपाठ करायची. लोकांच्या सगळ्या सुट्ट्यांत हिला सुट्टी आणि आईला काम. दुपारी धुतलेल्या चादरींच्या खोलीत झोपायची, अंगाला साबणाचा वास घेऊन उठायची. एकदा मोठे मालक म्हणाले होते, "आज नऊ नंबर रिकामी आहे, मायलेकी राहा." 'नक्की राहू,' असं ताईंनी पोरीला सांगितलं. पोरीने पिशवी भरली, बाहुलीला वेगळा टॉवेल घेतला. संध्याकाळी फाटकाशी एक कुटुंब आलं, बुकिंग नाही, लहान मूल रडतंय. ताईंनी किल्ली देऊन टाकली. पोरीने नुसती पिशवी रिकामी केली होती.

"अगं, पण साहेबांना मी शब्द दिलाय," ताई कशाबशा म्हणाल्या.

"मलाही दिला होतास," लेक म्हणाली. आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं.

ताईंनी फोन ठेवला. मग साहेबांना फोन लावला. गोड आवाज काही केल्या येईना.

"साहेब, चूक माझी आहे. नऊ नंबर तुम्हाला देता येत नाही. बागेकडची आहे, कमी दरात देते."

"एवढ्या वर्षांनी, ताई?" साहेब दुखावले होते. "कुणाला दिलीत?"

"माझ्या मुलीला."

साहेब म्हणाले, "बघतो, कळवतो." त्यांनी कळवलं नाही. ताईंना वाईट वाटलं, ते अजूनही वाटतं. पण लेकीची खोली ताईंनी फिरवली नाही.

त्या गुरुवारी ताई पहिल्यांदाच काउंटरच्या अलीकडे, पाहुण्यांच्या बाजूला उभ्या राहिल्या. अलीकडून काउंटर फारच उंच वाटतो, हे त्यांना इतक्या वर्षांत कळलं नव्हतं. मालकीणबाईंनी चेहरा कोरा ठेवून ताईंना त्यांनीच लिहिलेल्या अटी वाचून दाखवल्या. मागे फोन वाजला तसा ताईंचा हात सवयीने पुढे गेला. लेकीने तो अलगद धरला.

"एवढी तू हुशार," जिना चढताना ताई पुटपुटल्या, "साधा दर घ्यायचा होतास. हा परत न मिळणारा कशाला घेतलास? स्वस्त म्हणून?"

"नाही गं," लेक म्हणाली. तिच्या खांद्याला एकच पिशवी होती आणि पिशवीतून टॉवेल डोकावत होता. "तुला हे बुकिंग रद्द करता येऊ नये म्हणून."