लाल पेन्सिल शेवटी

फॉर्म भरून देणारे काका सरकारी योजनेची नियमावली तीन पेन्सिलींनी वाचत: पात्रतेला लाल, अनुदानाला हिरवी, कागदपत्रांना निळी. गिऱ्हाईक आधी टक्केच विचारतं, म्हणून सुरुवात हिरवीने.

पिशव्या शिवणाऱ्या ताईंना, ग्रामीण भागातल्या महिला म्हणून, प्रकल्प खर्चाच्या पस्तीस टक्के अनुदान निघालं. निळ्या खुणांचे सगळे कागद त्यांच्या फाइलमध्ये होते. लाल पेन्सिल मात्र एका ओळीवर अडली: ‘फक्त नवीन उद्योगांसाठी.’

ताईंचा उद्योग सहा वर्षांपासूनचा, अशी सुरुवातीच्या तारखेसह नोंदणी गेल्या महिन्यात काकांनीच करून दिली होती.

“तारीख बदलता नाही येणार?”

“खोटं होईल, ताई.”

“म्हणजे सहा वर्षं हातपाय हलवले, तेच नडलं.”

काका टोकदार पेन्सिलीला पुन्हा टोक काढत बसले.